भाकरीचा नकाशा

 

आज मी तुम्हाला नकाशाबद्दल सांगणार आहे. नकाशा म्हटलं की शाळेतला भिंतीवरचा रंगीत कागद डोळ्यांपुढं येतो. हा नकाशा तसला नाही. हा आपण स्वतः काढायचा. आपल्या जिल्ह्यात काम कुठंकुठं आहे आणि आपल्या दारातून निघून तिथं वेळेवर पोचता येतं का, एवढंच त्यात दाखवायचं.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. कागल तालुक्यात मुरगूडच्या बाजूला एक गाव आहे. तिथं आमचा रात्रीचा वर्ग चालतो. वर्गाला एक म्हातारा यायचा. आम्ही सगळे त्याला आबा म्हणायचो. एका रात्री आबा पाटी न उघडताच बसून राहिला. मी विचारलं, "काय आबा, तब्येत बरी नाही काय?"

आबा म्हणाला, "तब्येतीला काय झालंय? पोरगा चाललाय पुण्याला, चाकणला. परवाच्या गाडीनं. घरात म्हातारी अंथरुणाला खिळलीया. दोन म्हशी हाईत. एक एकर ऊस हाय. आता हे सगळं कुणी बघायचं?"

पोरगा दाराशीच उभा होता. बारावीपर्यंत शिकलेला होता. तो म्हणाला, "गुरुजी, इथं काम कुठं हाय? असतं तर गेलो असतो काय?"

मी त्याला विचारलं, "तू इथं शोधलंस कुठं?"

तो म्हणाला, "कोल्हापुरात एकदोन दुकानांत विचारलं. न्हाई म्हणाले."

एवढाच त्याचा शोध! पण मी त्याला हसलो नाही. कारण त्याच्या वयाचा असताना मीही तेच केलं होतं. उलट त्याहून वाईट केलं होतं. मी एका माणसाला पैसे दिले होते. तो म्हणाला होता, अमक्या कारखान्यात तुला चिकटवतो. पैसे घेऊन त्यानं मला एका फाटकापाशी नेऊन सोडलं. फाटकाला कुलूप होतं. आत गवत वाढलं होतं. तो कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली होती. मी आधी एकदा तिथं जाऊन नुसतं बघितलं असतं, तरी माझे पैसे वाचले असते.

तर त्या रात्री आम्ही धडा बाजूला ठेवला. खडू घेतला आणि शाळेच्या फरशीवरच नकाशा काढायला बसलो.

मधोमध एक टिंब काढलं. ते आपलं गाव. मग त्यातून रस्ते काढले. एक रस्ता मुरगूडहून निढोरीवरून कागलला जातो. एक निपाणीकडं जातो. एक बिद्रीकडं. कागलला गेलं की मोठा हमरस्ता लागतो, पुणे–बंगळूरचा. त्या हमरस्त्यावर उत्तरेकडं निघालं की आधी गोकुळ शिरगाव लागतं. मग कोल्हापूर शहर डाव्या हाताला राहतं. मग पंचगंगा ओलांडली की शिरोली. फरशीवर हे सगळं दोन हातांत बसलं.

मग मी विचारलं, "आता सांगा. आपल्या गावची कोण माणसं रोज डबा घेऊन बाहेर जातात?"

सगळे गप्प. मग एक बाई म्हणाली, "आमच्या शेजारचा सुताराचा पोरगा जातो की. पहाटे फटफटी काढतो."

"कुठं जातो?"

"ते काय म्हाईत? पायस्टारला का काय म्हणतो."

सगळे हसले. पण नकाशाची पहिली खूण तिथूनच मिळाली. मंडळी, गावातून काम कुठं आहे हे शोधायचं असेल, तर आधी डब्याचा माग काढा. पहाटे एस.टी.च्या थांब्यावर किंवा फाट्यावर जाऊन उभं राहा. हातात डबा घेतलेला माणूस दिसला की विचारा, कुठं जाता, कसे जाता, परत किती वाजता येता. दोन सकाळी उभं राहिलात तर दहाबारा माणसं भेटतील. ती ज्या ठिकाणी जातात तिथं आपल्या गावाहून रोज जाता-येता येतं, हे त्यातून आपोआप सिद्ध होतं. ही गोष्ट कुठल्याही कचेरीतल्या कागदावर लिहिलेली नसते.

ती बाई 'पायस्टार' म्हणाली, ती म्हणजे कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. नाव ऐकून कुणाला हॉटेल वाटेल! पण औद्योगिक वसाहत म्हणजे कारखान्यांसाठी सरकारनं आखून दिलेली जागा. तिथं रस्ते, पाणी आणि वीज आधी आणतात आणि मग कारखानदारांना तुकडे पाडून जमीन देतात. हे काम महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ करतं. ते १९६२ साली स्थापन झालं. त्यालाच लोक एमआयडीसी म्हणतात. कारखान्यांची जागा मोठी आणि सोयी जास्त असल्या की तिला पंचतारांकित म्हणतात. कागलची वसाहत दोन तालुक्यांत पसरली आहे. कापडाचे कारखाने, ओतकामाचे कारखाने, लोखंडी भाग कातून तयार करणारे कारखाने, असे बरेच प्रकार तिथं आहेत.

आपल्या जिल्ह्यात अशा आणखी वसाहती आहेत. शिरोलीची आणि गोकुळ शिरगावची या जुन्या. गडहिंग्लजला आहे, चंदगड तालुक्यात हलकर्णीला आहे, आजऱ्याला आहे. तुम्ही कुठल्या तालुक्यात राहता त्यावर यातली कुठली आपली हे ठरेल. चंदगडच्या माणसाला शिरोली काय कामाची?

पण मंडळी, सगळं काम एमआयडीसीतच असतं असं समजू नका. काही कामं गावानं आणि शहरानं स्वतःच गोळा केलेली असतात. कोल्हापूर शहरात शिवाजी उद्यमनगर आहे. तिथं बोळाबोळांत छोटे कारखाने आहेत. कुठं दोन लेथ, कुठं पाच माणसं. इचलकरंजीला यंत्रमाग आहेत. तिथला पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला, असं सांगतात. हुपरीला चांदीचं काम चालतं. तिथं पैंजण घडतात, आणि त्यातलं बरंच काम बाया घरी बसून करतात. एकाच जातीचं काम एका ठिकाणी असं साठत गेलं की शिकलेला हात एका दारातून दुसऱ्या दारात सहज जातो. एका मालकाशी पटलं नाही तर पलीकडच्या बोळात दुसरा असतो. म्हणून नकाशावर अशा ठिकाणांना आम्ही गोल काढला आणि त्यात कामाचं नाव लिहिलं. शिरोलीच्या गोलात लिहिलं 'ओतकाम'. इचलकरंजीत 'माग'. हुपरीत 'चांदी'.

साखर कारखानेही मांडले. बिद्री, हमीदवाडा, कागल. पण त्यांच्यापुढं आबानंच खडूनं एक खूण केली. म्हणाला, "हे हंगामापुरतं. दिवाळीच्या आगंमागं सुरू, उन्हाळ्याच्या तोंडाला बंद." बरोबर होतं. नकाशावर बारमाही काम आणि हंगामी काम वेगळं दाखवलं पाहिजे. आबानं ते न शिकता केलं.

आणखी एक गोष्ट. एकजण म्हणाला, निपाणी कशाला मांडता, ती तर कर्नाटकात. पण मुरगूडहून निपाणी कोल्हापूरपेक्षा जवळ पडते. तिथं तंबाखूचा व्यापार जुना आहे. पोटाला जिल्ह्याची आणि राज्याची शीव कळत नाही. जवळ असेल ते मांडा. मात्र सरकारी नोंदणी, मेळावे हे सगळं ज्याच्या त्याच्या राज्याचं असतं, एवढं ध्यानात ठेवा.

हे झालं ठिकाणांचं. आता खरी मेख सांगतो. आम्ही फरशीवर एवढी ठिकाणं मांडली तेव्हा पोरगा खूश झाला. म्हणाला, "कागल तर इथंच हाय. वीस किलोमीटर." मी म्हटलं, "थांब. कामावर किलोमीटर मोजत नाहीत. घड्याळ मोजतात."

बऱ्याच कारखान्यांत आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या असतात. समजा पहिली सकाळी सातला सुरू होते, दुसरी दुपारी तीनला आणि तिसरी रात्री अकराला. शिवाय एक दिवसपाळी असते, साडेआठ-नऊला सुरू होऊन साडेपाचपर्यंत चालणारी. आणि मुख्य गोष्ट अशी, की पाळी बहुधा दर आठवड्याला बदलते. या आठवड्यात सकाळची, पुढच्या आठवड्यात दुपारची, मग रात्रीची. म्हणजे तुम्हाला सकाळी सातला पोचता आलं पाहिजे, आणि रात्री अकराला परतही येता आलं पाहिजे.

आता गावाचं गणित घाला. घरातून थांब्यापर्यंत चालत पंधरा मिनिटं. एस.टी.नं कागल, पाऊण तास ते पन्नास मिनिटं. कागलच्या स्थानकावरून वसाहत आणखी लांब. तिथं वाटून घेतलेली रिक्षा, वीस मिनिटं. म्हणजे दीड तास झाला. सातच्या पाळीला पोचायचं तर घर साडेपाचच्या आत सोडायचं. पोरानं दुसऱ्या दिवशी स्थानकावर जाऊन वेळापत्रक लिहून आणलं. पहिली गाडी सहाची. झालं! सकाळची पाळी बाद. दुपारची पाळी रात्री अकराला सुटते, तेव्हा कागलहून परतीची गाडी नाही. तीही बाद. उरली फक्त दिवसपाळी. आणि नव्या माणसाला नुसती दिवसपाळी क्वचितच मिळते.

पोरगा हिरमुसला. म्हणाला, "मग पुणंच बरं."

इथंच पुष्कळ माणसं नकाशा टाकून देतात. पण नकाशा अर्धाच झाला होता. अजून त्यावर आम्ही गाड्या मांडल्या नव्हत्या. एस.टी. ही एकच गाडी नाही. मोठ्या कारखान्यांची स्वतःची बस असते. ती ठरलेल्या रस्त्यानं माणसं गोळा करत जाते, पाळीच्या वेळेला नेते आणि पाळी सुटली की परत आणते. ती आपल्या गावात येणार नाही. पण ती कुठल्या फाट्यावर थांबते, हे विचारलं पाहिजे. पहाटेच्या अंधारात फाट्यावर चारपाच माणसं उभी दिसली तर ती बहुधा तिचीच वाट बघत असतात. दुसरं म्हणजे फटफटी. सुताराच्या पोराची फटफटी होतीच. मागची जागा रिकामी जात होती.

म्हणून आम्ही फरशीवर प्रत्येक गोलाशेजारी दोन आकडे लिहिले. एक, घरातून निघून पोचायला किती वेळ. दुसरा, रात्री अकरानंतर परत यायला साधन आहे का, असेल तर कोणतं. ज्या गोलाला दुसरा आकडाच नाही तिथं पाळीचं काम धरायचं नाही. शिरोली कागलच्या पुढं तेवढीच लांब, शिवाय कोल्हापुरात गाडी बदलायची. अडीच तास लागत होते. ती खोडली. इचलकरंजी खोडली. राहिलं कागल आणि गोकुळ शिरगाव.

मग पोराला मी म्हटलं, "आता एक दिवस खर्च कर. पण फाटकावर जाऊन 'काम हाय काय' असं विचारत फिरू नकोस. आधी नुसता बघून ये."

तो सुताराच्या पोराबरोबर गेला. वसाहतीच्या तोंडाशी बहुधा एक मोठा फलक असतो. त्यावर रस्ते आणि भूखंडांचे नंबर असतात. त्यानं तो फोनवर टिपून घेतला. फोनच्या नकाशावर MIDC असं लिहून गावाचं नाव घातलं तरी वसाहत दिसते, पण कुठलं फाटक चालू आहे आणि कुठलं बंद आहे ते तिथं नीट कळत नाही. ते पायांनीच कळतं. त्यानं एकच रस्ता धरला आणि त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत गेला. प्रत्येक फाटकावरची पाटी वाचली आणि वहीत उतरवली. मंडळी, दोन वर्षांमागं ज्या पोराच्या बापाला अक्षर येत नव्हतं, त्या बापानं रात्री ती वही वाचून काढली!

पाटीवरून कारखान्याचं नाव कळतं, काम कळत नाही. काम ओळखायला आत काय जातं आणि बाहेर काय येतं ते बघा. वाळूचे ट्रक आत जात असतील, भंगार लोखंड जात असेल, तर तो ओतकामाचा कारखाना. तिथं लोखंड वितळवून साच्यात ओततात. बाहेर लोखंडाच्या वळ्या-वळ्या कीस भरलेली पिंपं दिसली, तर आत भाग कातण्याचं काम चालतं. त्याला मशिन शॉप म्हणतात. कापडाचे तागे किंवा खोकी निघत असतील तर तो कापडाचा किंवा कपड्यांचा. आणि फाटकाला गंज, आत गवत, वीज नाही, वॉचमन एकटा बसलेला असेल, तर ती पाटी नकाशावर मांडू नका. अशा पाट्या प्रत्येक वसाहतीत असतात. माझे पैसे गेले ते असल्याच पाटीपायी.

मग तो पाळी सुटायच्या वेळेला चहाच्या टपरीवर बसला. हे मी त्याला मुद्दाम सांगितलं होतं. पाळी सुटली की माणसं टपरीवर येतात, आणि दमलेला माणूस खरं बोलतो. त्यानं तीन गोष्टी विचारायच्या होत्या. पगार कंपनी देते का ठेकेदार? पगारातून भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याचे पैसे कापतात का, आणि त्याची चिठ्ठी मिळते का? आणि इथं माणूस किती दिवस टिकतो?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. एका ओतकामाच्या कारखान्यावर 'कामगार पाहिजेत' असा मोठा फलक होता. पोराला वाटलं, देव पावला. टपरीवाला म्हणाला, "तो फलक मी टपरी टाकल्यापासून तिथंच हाय." म्हणजे माणसं येतात आणि निघून जातात. का जातात? चौकशी केली तेव्हा कळलं, नवी माणसं फेटलिंगला घालतात. फेटलिंग म्हणजे ओतून निघालेल्या लोखंडी भागाला चिकटलेली वाळू आणि जास्तीचं लोखंड घासून, तासून काढायचं. त्यात बारीक धूळ उडते. ही वाळूची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं कायमची खराब होतात. तो आजार पुढं बरा होत नाही. चांगल्या कारखान्यात धूळ ओढून घेणारी यंत्रं असतात आणि तोंडाला नीट बसणारा मुखवटा देतात. नुसत्या रुमालानं ती धूळ अडत नाही. ओतकाम वाईट असं मी म्हणत नाही. आपल्या जिल्ह्याची पुष्कळ घरं त्यावर चालतात आणि साचा करणारा कसबी माणूस चांगलं कमावतो. पण नकाशावर त्या गोलात आम्ही 'धूळ' असं लिहून ठेवलं.

पलीकडं दोन मशिन शॉप होते. तिथं फलक नव्हता. पण सुताराचा पोरगा तिथं तीन वर्षं टिकला होता, आणि त्याच्याबरोबरचे दोघेही.

आता पैशाचं गणित. ते आम्ही भिंतीवरच्या फळ्यावर मांडलं, सगळ्यांसमोर. हे आकडे त्या पोराचे आहेत. तुमचे वेगळे असतील, तुम्ही आपले घालून बघा.

पुण्यात त्याला हातात १८,००० मिळणार होते. खोलीचा वाटा ३,०००. खानावळ ४,०००. तिथं कामावर जाण्यायेण्याला १,०००. महिन्यातून एकदा घरी यायला-जायला आणि इतर किरकोळ मिळून १,५००. खर्च झाला ९,५००. शिल्लक ८,५००.

कागलला मशिन शॉपमध्ये मदतनीस म्हणून हातात १४,५००. एस.टी.चं भाडं एका बाजूला ४० धरू. एस.टी.चा महिन्याचा पास काढला तर वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास होतो. म्हणजे ८० गुणिले २०, १,६०० रुपये. रिक्षा जातायेता ४०, सव्वीस दिवसांचे १,०४०. एकूण २,६४०. शिल्लक ११,८६०.

पोरगा म्हणाला, "बघा, तीन हजारांचा फरक!"

तेवढ्यात मागून एक आक्का म्हणाली, "आन् डब्याची भाकरी काय फुकट येती व्हय? पीठ, तेल, कालवण?"

सगळे हसले, पण आक्काचं म्हणणं खरं होतं. घरच्या जेवणाचे १,५०० धरले. राहिले १०,३६०. पुण्यापेक्षा १,८६० जास्त. शिवाय म्हातारीला बघायला माणूस, म्हशींची धार, उसाला पाणी. पण रोजचे तीन तास रस्त्यात जाणार, हेही आम्ही फळ्यावर लिहिलं. आणि एक गोष्ट मी स्पष्ट सांगितली. पुण्याकडं जादा कामाचे तास जास्त मिळतात, आणि मोठ्या यंत्रावर हात बसला तर पगार लवकर चढतो. ज्याच्या घरी म्हातारी नाही, म्हशी नाहीत, त्याचं गणित पुण्याकडंही झुकेल. नकाशा कुणाला घरी बांधून ठेवायला काढत नाहीत.

मात्र या हिशोबात एक खोट होती. तो एस.टी.नं जाणाऱ्याचा हिशोब होता, आणि पाळीच्या कामाला एस.टी. चालत नाही हे आम्ही आधीच बघितलं होतं. म्हणून तो सुताराच्या पोराकडं गेला. दोघं एकाच पाळीत येतील तर फटफटी एक आणि पेट्रोल अर्धं-अर्धं. त्याचा वाटा साधारण एस.टी. आणि रिक्षा मिळून होतो तेवढाच आला. वेळ मात्र तासावर आली. पण दोघांची पाळी एकच पाहिजे, हे त्यानं कामाला लागतानाच पर्यवेक्षकाला विचारून घेतलं. हे आधी विचारलं नाही तर पहिल्याच महिन्यात घोटाळा होतो.

आता बायांसाठी वेगळं सांगतो, कारण बाईचा नकाशा गड्याच्या नकाशासारखा नसतो. आबाची सून वर्गात यायची. तिनं फरशीकडं बघून विचारलं, "माझ्यासाठी यातलं काय हाय?" तिला दिवसपाळीच पाहिजे होती. दिवेलागणीच्या आत घरी यायला पाहिजे होतं. तिच्यासाठी आम्ही सगळे गोल पुन्हा तपासले. कपडे शिवण्याच्या कारखान्यांत दिवसपाळी असते. ओतकामाच्या कारखान्यातही साच्याच्या आतला गाभा करायचं काम असतं, त्याला कोअर म्हणतात, तिथं काही ठिकाणी बाया असतात. तिला मी आणखी दोन गोष्टी बघायला सांगितल्या. गावातून किंवा शेजारच्या गावातून दुसरी बाई जाते का, आणि कारखान्यात बायांसाठी वेगळं, दार लागणारं शौचालय आहे का. हे फाटकावर विचारायला संकोच वाटतो. टपरीवरच्या बाईला किंवा सुटून येणाऱ्या बायांना विचारावं.

तिचा प्रवासही स्वस्त निघाला. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे. चाळीसचं तिकीट वीसला. जातायेता ४०, सव्वीस दिवसांचे १,०४०. पासाला १,६०० लागले असते. तेव्हा बाईनं पास काढायच्या आधी हा हिशोब करावा. हा फरक आम्ही फळ्यावर मांडला तेव्हा ती म्हणाली, "मग माझं कागल दादाच्या कागलपेक्षा जवळ हाय की!" तिचा कपड्यांचा कारखाना अजून ठरलेला नाही. शिलाई यंत्रावर हात बसवायला ती सध्या मुरगूडला शिकायला जाते.

पोराचं मात्र ठरलं. तो सुताराच्या पोराबरोबर त्या मशिन शॉपवर गेला. फाटकावर नाव सांगितलं, कोण घेऊन आला ते सांगितलं, बारावीचा कागद दाखवला. पहिल्या दिवशी परत पाठवलं. दहा दिवसांनी निरोप आला. कुणाला एक पैसा द्यावा लागला नाही. फाटकाबाहेर कामासाठी पैसे मागणारा माणूस भेटला तर त्याला सरळ सांगा, कंपनीच्या आत माझ्यासमोर पैसे घे. तो येत नाही.

कामाला लागताना नेमणुकीचा कागद मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवे कामगार कायदे लागू झाले आहेत, आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. ठेकेदाराकडून लागलात तरीही. त्या कागदावर कुणाचं नाव आहे ते नीट वाचा. कंपनीची पाटी एक आणि कागदावर नाव दुसरंच, असं पुष्कळदा असतं. आपला मालक कागदावरचा. पगार थकला तर जायचं त्याच्याकडं.

सरकारी दारंही नकाशावर मांडा, पण शेवटी. कोल्हापुरात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. पूर्वी त्याला सेवायोजन कार्यालय म्हणायचे. तिथं नाव नोंदवता येतं, फोनवरून rojgar.mahaswayam.gov.in इथंही नोंदवता येतं. अधूनमधून रोजगार मेळावे भरतात, त्यात बऱ्याच कंपन्या एका मांडवात येतात. मेळाव्याला जाताना आपला नकाशा बरोबर न्या. मांडवातल्या प्रत्येक कंपनीला पहिला प्रश्न विचारा, तुमचा कारखाना कुठल्या वसाहतीत आहे. आमच्या गावचा दुसरा एक मुलगा मेळाव्यातून निवडला गेला आणि हरखून घरी आला. नंतर कळलं, काम होतं दुसऱ्या जिल्ह्यात.

ज्याला दहावीनंतर दोन वर्षं देता येतील त्यानं आयटीआय बघावी. पण कुठला व्यवसाय शिकायचा हे नकाशा बघून ठरवा. मशिन शॉप जवळ असतील तर टर्नर, मशिनिस्ट. ओतकाम जवळ असेल तर साचेकाम. शेजारच्या पोरानं घेतला म्हणून तोच घेऊ नका.

त्या फरशीवरचा खडू दुसऱ्या दिवशी पुसला गेला. म्हणून आम्ही तो नकाशा मोठ्या कागदावर पेन्सिलीनं उतरवला आणि वर्गाच्या भिंतीला लावला. पेन्सिलीनंच, कारण तो बदलतो. गेल्या दिवाळीनंतर त्यातली दोन नावं खोडली. एक कारखाना बंद झाला. एका कंपनीची बस निढोरीच्या फाट्यावर थांबायची, ती आता थांबत नाही. आणि एक नाव वाढलं. आबा दर महिन्याला पोराला विचारतो आणि स्वतः खोडरबर घेऊन उभा राहतो.

आज मी तुमच्यासाठी एक मोठा कागद आणला आहे. तुमचं गाव कागलपासून वेगळ्या बाजूला आहे, तेव्हा तुमचे रस्ते वेगळे, गोल वेगळे. पुढच्या बुधवारी येताना ज्यांच्या घरातलं कुणी रोज डबा घेऊन बाहेर जातं, त्यांनी तीन गोष्टी लिहून आणा. कुठं जातात, किती वाजता घर सोडतात, आणि रात्री कशानं परत येतात. ज्याला लिहायला अजून अवघड वाटतं त्यानं विचारून यावं, आपण इथं बसून लिहू.